डिस्कचे पैसे, ड्रमची गाडी आणि न बसलेला क्रॅश गार्ड

प्रश्न : दसऱ्याला डिलिव्हरी हवी म्हणून तीन आठवडे आधी १२५ सीसीची मोटरसायकल बुक केली. डिस्क ब्रेकचं मॉडेल. ऑन रोड १,२४,२५० रुपये सांगितले, तेवढे भरले. दसऱ्याला शोरूममध्ये जत्रा होती. हार घातला, पेढे वाटले, गाडी घरी आणली. दुसऱ्या दिवशी मुलाने विचारलं, "बाबा, पुढे डिस्क कुठाय?" गाडी ड्रमची निघाली. क्रॅश गार्ड आणि मोबाइल चार्जर बसवलेला नाही, टेफ्लॉन कोटिंग केलंच नाही, पण बिलात तिन्हींचे पैसे आहेत. लगेच व्हॉट्सअॅपवर फोटो टाकून विचारलं, तर सेल्समनचं उत्तर आलं, "डिस्कचा स्टॉक संपला होता. पासिंग झाल्यावर गाडी बदलता येत नाही. हवं तर महिनाभराने डिस्क बसवून देतो." मॅनेजर फोन उचलत नाही. कागदांचे फोटो सोबत जोडले आहेत. आरटीओकडे जाऊ की पोलिसांत? गाडी बदलून मिळेल का?
— एक वाचक, वाळवा तालुका, जि. सांगली

उत्तर : आरटीओ आणि पोलीस तूर्त बाजूला ठेवा. आधी पाठवलेले कागद एका ओळीत मांडा आणि कॅल्क्युलेटर घ्या. तुमचं अजून लक्ष गेलेलं दिसत नाही, पण सगळी तक्रार या कागदांच्या बेरजेत आहे.

सेल्समनने व्हॉट्सअॅपवर पाठवलेल्या कोटेशनमध्ये चार रकमा आहेत : एक्स-शोरूम ९८,४००, कर आणि पासिंग ११,७००, इन्शुरन्स ७,३०० आणि अॅक्सेसरीज ६,८५०. बेरीज १,२४,२५०. तेवढेच तुम्ही भरले. आता प्रत्यक्ष हातात आलेले कागद बघा. गाडीच्या टॅक्स इनव्हॉइसवर ड्रमचं मॉडेल छापलंय आणि रक्कम आहे ९१,९००. कराची आणि पासिंगची पावती १०,९७० ची. पॉलिसीचा हप्ता ७,१७०. अॅक्सेसरीजचं बिल ६,८५०. यांची बेरीज होते १,१६,८९०.

म्हणजे ७,३६० रुपये तुमच्या खिशातून गेले आणि कुठल्याच पक्क्या बिलावर उमटले नाहीत.

हा फरक कसा तयार झाला तेही कळतं. दोन मॉडेलच्या किमतीत ६,५०० चं अंतर. रोड टॅक्स गाडीच्या किमतीच्या टक्क्यांत लागतो, म्हणून स्वस्त गाडीला तोही कमी लागला, तिथे ७३०. इन्शुरन्स गाडीच्या घोषित किमतीवर, तिथे १३०. शोरूमने सरकारला आणि विमा कंपनीला ड्रमच्या हिशोबाने पैसे भरले, तुमच्याकडून डिस्कच्या हिशोबाने घेतले. "स्टॉक संपला होता" हे खरंही असेल. पण स्टॉक संपला तर गिऱ्हाइकाला फोन करून विचारायचं असतं, आणि त्याने ड्रम चालेल म्हटलं तरी फरक परत करायचा असतो. इथे दोन्ही झालं नाही. दसऱ्याच्या गर्दीत, हार घातलेल्या गाडीचं पुढचं चाक कोण निरखतो, हे शोरूमवाल्यांना चांगलं ठाऊक असतं.

याच कारणाने आरटीओकडे जाऊन हाती काही लागणार नाही. चॅसी नंबर टाकला की त्या गाडीची निर्मात्याने भरलेली माहितीच नोंदणीत येते, त्यामुळे तुमच्या आरसीवर ड्रमचं मॉडेल आहे आणि गाडीही ड्रमचीच आहे. त्यांच्या लेखी सगळं बरोबर. उलट ही तुमच्यासाठी चांगली गोष्ट आहे. आरसी, इनव्हॉइस आणि पॉलिसी तिन्हींवर एकच मॉडेल असल्यामुळे उद्या अपघात झाला तर क्लेमला अडचण नाही. शिवाय शोरूमला आता "आम्ही डिस्कचीच गाडी दिली" असं म्हणायला जागा राहिली नाही. पोलिसांत गेलात तर बहुधा "हा दिवाणी मामला आहे" असं ऐकून परत याल आणि त्यात उगाच दिवस जातील.

शोरूमकडे बचावाची एक फट मात्र उरते. तुमच्या बुकिंगच्या पावतीवर फक्त गाडीचं नाव आणि "१२५" एवढंच लिहिलंय, डिस्क की ड्रम याचा उल्लेख नाही. उद्या ते म्हणतील, यांनी ड्रमच बुक केली होती. म्हणून त्या कोटेशनला जपा. त्यात एक्स-शोरूम ९८,४०० लिहिलंय आणि त्या किमतीला ड्रम मिळतच नाही. कंपनीच्या संकेतस्थळावर आपल्या जिल्ह्याची किंमत दिसते. दोन्ही मॉडेलच्या किमतींचं पान आजच्या तारखेसह प्रिंट करून ठेवा. व्हॉट्सअॅपवरचं संभाषण फोनमध्येच राहू द्या, डिलीट करू नका, आणि फोन बदलायचा विचार असेल तर तो पुढे ढकला. "डिस्कचा स्टॉक संपला होता" हे सेल्समनचं वाक्य तुमच्या बाजूने फार मोलाचं आहे, कारण डिस्क मागितलीच नसती तर तिचा स्टॉक संपण्याचा प्रश्नच आला नसता.

रोख दिलेल्या वीस हजारांची काळजी तुम्हाला वाटत असेल. बुकिंगचे ५,००० यूपीआयने आणि ९९,२५० बँकेतून गेलेत, त्यांचा माग आहे. रोखीची पावती साध्या कागदावर असली तरी तिच्यावर शोरूमचा शिक्का आहे आणि "ऑन रोड एकूण १,२४,२५०, पूर्ण जमा" असं लिहिलंय. कच्ची असली तरी ती चालेल. मूळ प्रत कुणाच्याही हातात देऊ नका, फोटोकॉपीच दाखवा.

अॅक्सेसरीजच्या बिलात सहा नावं आहेत. सीट कव्हर ८५० आणि ग्रिप कव्हर ३५०, हे बसलेत, त्यावर वाद घालू नका. क्रॅश गार्ड १,९५० आणि चार्जर १,२५०, हे गाडीवर नाहीत; गाडीच्या पुढच्या भागाचा, हँडलचा आणि नंबर प्लेटसह पूर्ण गाडीचा फोटो काढा, किलोमीटरचा आकडाही घ्या. टेफ्लॉन कोटिंगचे १,८०० थोडे अवघड. ते डोळ्यांना दिसत नाही आणि "केलं होतं, धुऊन गेलं" हे ठरलेलं उत्तर आहे. तिथे नाही म्हणून सिद्ध करत बसू नका, त्यांच्याकडे पुरावा मागा : कोटिंग कोणत्या दिवशी केलं, कोणी केलं, जॉब कार्ड कुठाय. गाडी गोदामातून आल्यावर पासिंग होऊन डिलिव्हरीला उभी राहीपर्यंत ती कोटिंगच्या बेवर गेली असेल, तर तशी नोंद हवी. बहुतेकदा ती नसते.

सहावं नाव साडी गार्ड, ६५० रुपये. तो गाडीवर आहे, म्हणून तुम्ही तक्रारीत धरला नसणार. पण केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२३ वा नियम सांगतो की मागे बसायची सोय असलेल्या मोटरसायकलला धरायचा हँडल, पाय ठेवायची जागा आणि मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकणारं संरक्षण असलंच पाहिजे, कपडे चाकात अडकू नयेत म्हणून. त्याशिवाय गाडी बनवताच येत नाही. जी वस्तू गाडीचाच भाग असायला हवी ती जादा अॅक्सेसरी म्हणून कशी विकली, एवढा प्रश्न लेखी विचारा. कित्येक शोरूम हे पैसे बिनबोभाट घेतात, कारण यादीत सीट कव्हरच्या शेजारी छापलं की गिऱ्हाइकाला ते शोभेचं सामान वाटतं.

आता मागणीचा आकडा ठरला. बिलाबाहेर घेतलेले ७,३६०, न बसवलेल्या तीन गोष्टींचे ५,०००, साडी गार्डचे ६५०. एकूण १३,०१०.

पुढे जाण्याआधी त्या "डिस्क बसवून देतो" विषयी. हे अजिबात मान्य करू नका. पुढचा ड्रम काढून डिस्क लावणं म्हणजे फक्त एक तबकडी बसवणं नव्हे. चाकाचा हब वेगळा लागतो, कॅलिपर धरायला फोर्कचा पाय वेगळा लागतो, हँडलवर तेलाचा मास्टर सिलिंडर येतो. त्यात १२५ सीसीपर्यंतच्या गाड्यांना २०१९ पासून, एबीएस नसेल तर, एकत्रित ब्रेक सक्तीचा आहे. एक लिव्हर दाबला की दोन्ही चाकांवर ब्रेक लागतो. ड्रमच्या गाडीत ती जोडणी केबलची असते, डिस्कच्या गाडीत तेलाशी जुळवलेली. ती गावातल्या वर्कशॉपमध्ये, किंवा शोरूमच्या मागच्या शेडमध्येसुद्धा, कंपनीच्या मापाने जुळेल याची हमी कोण देणार? निर्मात्याने ठरवलेल्या रचनेत फेरफार करायला मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाचा अटकाव आहे, वॉरंटीवर पाणी सोडावं लागेल आणि अपघातानंतर विमा कंपनीला बोट ठेवायला जागा मिळेल. शिवाय ब्रेक हा काही तडजोडीत स्वीकारायचा भाग नाही.

मग गाडी बदलून मिळेल का? कायद्यात तशी तरतूद आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या ३९ व्या कलमाखाली आयोग वस्तू बदलून द्यायला किंवा व्याजासह किंमत परत करायला सांगू शकतो, आणि पासिंग झालं म्हणून तो अधिकार संपत नाही. सेल्समनचं ते वाक्य धादांत खोटं नाही, पण अर्धवट आहे : नोंदणी झालेली गाडी पुन्हा नवी म्हणून विकता येत नाही, ही शोरूमची अडचण आहे, तुमची नाही. तरी माझं मत विचाराल तर पैशांचा मार्ग धरा. गाडी निकृष्ट नाही, वेगळी आहे. तुम्ही ती रोज कामावर नेता. बदली मागायची तर ती उभी करून ठेवावी लागेल आणि निकाल येईपर्यंत दुसरी सोय पाहावी लागेल. चालवत राहिलात तर समोरचा वकील पहिल्याच तारखेला किलोमीटरचा आकडा दाखवेल. घाटातून रोज जाणं असेल आणि डिस्क खरोखर हवीच असेल, तर मात्र आजच गाडी थांबवा आणि पत्रात बदलीच मागा. दोन्ही एकदम मागितलं तर एकही मागणी ठाम दिसत नाही.

पत्र शोरूमच्या मालकाच्या नावे, सेल्समनच्या नव्हे. मजकूर साधा ठेवा, रागाचे शब्द टाळा. असा चालेल :

"मी अमुक तारखेला आपल्याकडे डिस्क ब्रेकची मोटरसायकल बुक केली. आपल्या कोटेशनप्रमाणे १,२४,२५० रुपये पूर्ण भरले. प्रत्यक्षात मला न विचारता ड्रम ब्रेकचं मॉडेल दिलं. इनव्हॉइस, कर पावती, विमा पॉलिसी आणि अॅक्सेसरीज बिल यांची बेरीज १,१६,८९० आहे. उरलेल्या ७,३६० रुपयांचं बिल मला मिळालेलं नाही. अॅक्सेसरीज बिलातील क्रॅश गार्ड, चार्जर आणि टेफ्लॉन कोटिंग यांपैकी काहीही गाडीवर नाही (५,००० रुपये). साडी गार्ड नियमाने गाडीसोबत असणं बंधनकारक असताना त्याचे ६५० रुपये वेगळे घेतले. एकूण १३,०१० रुपये पंधरा दिवसांत माझ्या बँक खात्यात जमा करावेत आणि अॅक्सेसरीज बिलापुरती क्रेडिट नोट द्यावी. न दिल्यास जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करीन."

क्रेडिट नोटचा उल्लेख मुद्दाम केला. "बिल झालंय, जीएसटी भरलाय, आता काही करता येत नाही" हे दुसरं ठरलेलं उत्तर. जीएसटी कायद्याच्या ३४ व्या कलमात बिलात रक्कम जास्त लागली असेल तर क्रेडिट नोट काढायची सोय आहे, आणि त्या आर्थिक वर्षानंतरच्या ३० नोव्हेंबरपर्यंत ती विवरणात दाखवता येते. शोरूमच्या अकाउंटंटला हे पाठ असतं. त्याला हे तुमच्याकडून लेखी कळलं की सूर बदलतो.

पत्र स्पीड पोस्टाने, पोचपावतीसह पाठवा आणि तेच ईमेलनेही. एक प्रत कंपनीच्या ग्राहक सेवा विभागाला जाऊ द्या, चॅसी नंबर लिहून. त्या नंबरची गाडी कोणत्या मॉडेलची म्हणून शोरूमला पाठवली याची नोंद कंपनीकडे असते; ती ईमेलने मिळाली तर वादच मिटतो. कंपनीचा माणूस शोरूमला फोनही करतो कधीकधी, आणि त्याने काम होतं. पण पैसे कंपनी देईल या आशेवर राहू नका. नवी म्हणून जुन्या उत्पादनवर्षाची कार विकल्याच्या गोव्यातल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये कंपनीला जबाबदारीतून मोकळं केलं. शोरूम आणि कंपनी हे दोन स्वतंत्र व्यापारी आहेत, आणि शोरूमच्या कृत्याची कंपनीला माहिती होती असं दाखवता येत नसेल तर कंपनीला जबाबदार धरता येत नाही, असं त्याचं सार. तुमच्या पैशांची पावती शोरूमच्या शिक्क्याची आहे. तक्रारही मुख्यतः शोरूमवरच राहील.

पंधरा दिवस वाट पाहताना १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा, मराठीत बोलता येतं. consumerhelpline.gov.in वरही नोंदवता येते. ही मध्यस्थी आहे, आदेश नव्हे. शोरूमने उत्तर दिलं नाही तर हेल्पलाइन काही करू शकत नाही. मात्र तिथला तक्रार क्रमांक आणि शोरूमचं उत्तर, असलंच तर, पुढे कामाला येतं, कारण घाईत तिथे लिहिलेलं उत्तर आणि नंतर वकिलाने लिहिलेलं उत्तर बरेचदा जुळत नाही.

मग सांगलीचा जिल्हा ग्राहक आयोग. शोरूम दुसऱ्या जिल्ह्यात असतं तरी तुम्ही राहता तिथे तक्रार करता आली असती. भरलेली रक्कम ५ लाखांच्या आत असल्याने फी नाही. वकील लागत नाही, e-jagriti.gov.in वरून घरबसल्या दाखल करता येते. घटनेपासून दोन वर्षांची मुदत आहे, पण दिवाळीनंतर बघू असं म्हणू नका. सेल्समन नोकरी बदलतो, त्याचा नंबर बदलतो. तक्रारीत शब्द दोनच हवेत : "सेवेतील त्रुटी" आणि "अनुचित व्यापारी प्रथा". १३,०१० अधिक व्याज, मानसिक त्रासाबद्दल आणि खर्चाबद्दल वाजवी रक्कम मागा. तेरा हजारांच्या तक्रारीत दोन लाखांची भरपाई मागणारे अर्ज मी पाहिलेत. आयोग रक्कम कमी करतो, आणि तोवर शोरूमवाल्याला तडजोडीत तुमच्याशी बोलायची इच्छाच उरत नाही.

शोरूमला नोटीस मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी उत्तर द्यावं लागतं, फार तर आणखी १५ दिवस मिळतात. पंचेचाळीस दिवसांनंतर आलेलं उत्तर आयोगाला घेताच येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०२० मध्ये स्पष्ट केलंय. ती तारीख वहीत लिहून ठेवा आणि उत्तर उशिरा आलं तर त्याच तारखेला हरकत घ्या. कायदा तीन महिन्यांत निकाल अपेक्षितो. प्रत्यक्षात जास्त वेळ लागतो, हे धरून चाला. कागद लावायला मदत हवी असेल तर ग्राहक पंचायतीच्या तुमच्या भागातल्या कार्यकर्त्यांना भेटा.

बहुतेक प्रकरणं नोटीस पोचल्यावर मिटतात. तुम्हाला फोन येईल, चहाला बोलावतील, म्हणतील क्रॅश गार्ड लगेच बसवतो, दोन सर्व्हिसिंग फुकट देतो, या कागदावर सही करा. क्रॅश गार्ड घ्यायचा तर घ्या, मग मागणीतून १,९५० वजा करा. फुकट सर्व्हिसिंगचं कूपन पैशांच्या बदल्यात घेऊ नका. मजुरी फुकट असली तरी ऑइल आणि पार्टचं बिल तुम्हीच भरता. आणि सहीच्या कागदावर "सर्व तक्रारी मिटल्या" असं छापलेलं असेल तर ते खोडून स्वतःच्या हाताने लिहा : "अमुक रुपये बँकेने मिळाले." सही रक्कम खात्यात दिसल्यावर करायची, चेक हातात पडल्यावर नाही.